आरशातली ती आवडत नसेल तर बॉडी पॉझिटिव्हिटी की बॉडी न्यूट्रॅलिटी?

वाचकाचं पत्र :

ताई, मी ३१ वर्षांची आहे आणि मला आरशातली मी आवडत नाही. पोट, दंड आणि हनुवटीखालचा भाग तर बघवतच नाही. दिवसभर मी आरसे टाळते, लिफ्टमध्ये खाली मान घालून उभी राहते, पण रात्री मात्र बाथरूमच्या आरशासमोर वीस-वीस मिनिटं त्याच जागा निरखत असते. कुठे जायचं असेल तर चार वेळा कपडे बदलते, गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या कार्यक्रमाला शेवटी गेलेच नाही. दुसऱ्या एका मैत्रिणीने बॉडी पॉझिटिव्हिटी म्हणून सांगितलं, तर रोज सकाळी आरशात बघून "मी सुंदर आहे, माझं माझ्या शरीरावर प्रेम आहे" असं म्हणायला लागले, तर आणखीच वाईट वाटायला लागलं, आपण स्वतःशीच खोटं बोलतोय असं. आता बॉडी न्यूट्रॅलिटीबद्दल वाचतेय, म्हणजे शरीरावर प्रेम करायची सक्ती नाही आणि तिरस्कारही नको. पण तिथेही सगळे म्हणतात शरीर काय काय करतं ते बघ, आणि माझा गुडघा दोन वर्षं दुखतोय, मला तर शरीर काय करत नाही तेच दिसतं. आणि न्यूट्रल होणं म्हणजे हार मानणंच नाही का? मला नक्की कुठला रस्ता जमेल?

उत्तर :

आधी सरळ उत्तर देते, मग का ते सांगते. आत्ता तुला न्यूट्रॅलिटी जमेल, पॉझिटिव्हिटी नाही. पण जी न्यूट्रॅलिटी तू वाचलीयेस ती नाही, थोडी वेगळी, आणि तिची सुरुवात मनातल्या भावनेपासून नाही तर रात्रीच्या त्या वीस मिनिटांपासून करायची.

सकाळी ती वाक्यं म्हणून तुला जे झालं ना, ते तुझ्यात काही कमी आहे म्हणून झालं नाही. कॅनडात जोअ‍ॅन वुड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना चार मिनिटं आपल्या मनात येईल ते लिहायला बसवलं, आणि अधूनमधून एक आवाज झाला की काही जणांनी मनात "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं म्हणायचं. ज्यांना आधीपासूनच स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना अजून थोडं बरं वाटलं. पण ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं त्यांना वाक्य म्हटल्यावर न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांच्यावरच ते उलटलं. कारण समजायला सोपंय, आपण जे मानत नाही ते जोरात म्हटलं की मन लगेच पुरावे काढून वाद घालायला लागतं, तू म्हणतेस सुंदर आहे आणि आतून उत्तर येतं, अगं पोट बघ, दंड बघ, आणि दिवसाची सुरुवातच या भांडणाने होते ज्यात तू रोज हरतेस.

त्याच अभ्यासाचा आणखी एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही जणांना त्यांनी सांगितलं की हे वाक्य कसं खरंय एवढ्यावरच लक्ष द्या, आणि काही जणांना सांगितलं की ते कसं खरंय आणि कसं खरं नाही, दोन्हीचा विचार करा. स्वतःबद्दल वाईट मत असलेल्या लोकांना दुसऱ्या प्रकारात तुलनेने बरं वाटलं. नकार द्यायची परवानगी मिळाली की भांडण कमी होतं. तुला न्यूट्रॅलिटी सुचवण्यामागचं माझं मुख्य कारण हेच आहे, की तिथे कुणी तुला न पटणारं काही कबूल करायला लावत नाही.

पण बॉडी पॉझिटिव्हिटी वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, आणि तुझ्या मैत्रिणीवर चिडू नकोस, तिने चांगल्या मनानेच सांगितलं. फक्त ती गोष्ट मुळात ज्या कामासाठी होती ते काम वेगळं होतं. तिची मुळं अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी जाड लोकांच्या हक्कांसाठी सुरू झालेल्या चळवळीत आहेत, १९६९ मध्ये तिथे अशा लोकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. त्यांचं म्हणणं होतं की नोकरी देताना, डॉक्टरकडे गेल्यावर, बसायच्या जागा बनवताना आमच्या आकारामुळे आम्हाला कमी माणूस समजू नका. हे भांडण जगाशी होतं, आरशाशी नव्हतं. नंतर सोशल मीडियावर येता येता त्याचं रूप "प्रत्येक शरीर सुंदर आहे, तूही सुंदर आहेस, तसं वाटून घे" असं झालं, आणि जगाने बदलायचं ते बाजूला राहून वाटून घ्यायची जबाबदारी ज्याला त्रास होतोय त्याच्यावरच येऊन पडली.

आणि तिथे एक अडचण आहे जी लवकर लक्षात येत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला, तरुण मुलींना बॉडी पॉझिटिव्ह पोस्ट दाखवल्या, दुसऱ्या गटाला नेहमीच्या बारीक मॉडेलसारख्या बायकांच्या पोस्ट दाखवल्या. पॉझिटिव्ह पोस्ट बघणाऱ्यांचा मूड सुधारला आणि आपल्या शरीराबद्दल समाधानही वाढलं, हे खरंच चांगलंय. पण दोन्ही गटांत एक गोष्ट सारखी दिसली, त्या मुली स्वतःबद्दल लिहिताना आपण कशा दिसतो याबद्दल जास्त लिहायला लागल्या. म्हणजे उत्तर बदललं तरी प्रश्न तोच राहतो, मी कशी दिसते. ज्याला उत्तर बऱ्यापैकी आवडतं त्याला त्याने फार फरक पडत नाही. तुझ्यासारखी जी दिवसातला केवढा तरी वेळ याच प्रश्नावर घालवते, तिला तोच प्रश्न कमी वेळा पडेल असं काहीतरी हवंय.

न्यूट्रॅलिटीकडून मला नेमकी हीच अपेक्षा आहे. हा शब्द साधारण २०१५ च्या सुमाराला अ‍ॅन पॉयरिए नावाच्या अमेरिकन समुपदेशक बाईंच्या वर्कशॉपमधून लोकांपर्यंत पोचला, आणि त्याचा गाभा एवढाच की शरीर आवडायलाच हवं असं नाही आणि त्याचा तिरस्कारही करत बसायची गरज नाही, ते आहे, आणि मला आज बाकीची कामं आहेत. हे ऐकायला सोपं वाटतं पण अर्ध्या लोकांचं इथेच दोन ठिकाणी चुकतं, आणि तुझ्या पत्रात दोन्ही खड्डे दिसतायत म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला खड्डा म्हणजे आरसा टाळणं. बऱ्याच जणांना वाटतं लिफ्टमध्ये खाली बघणं, फोटोतून बाजूला होणं, घरातल्या आरशावर टॉवेल टाकणं म्हणजेच न्यूट्रल होणं. तसं नाहीये. जी गोष्ट आपण टाळतो ती मनात वाढत जाते. दिवसभर टाळल्यामुळे "आता नक्की कसं दिसतंय" ही शंका साठत जाते आणि रात्री तू ती शंका फेडायला आरशासमोर उभी राहतेस. टाळणं आणि तपासणं ही दोन वेगळी लक्षणं नाहीत, एकाच दोरीची दोन टोकं आहेत, म्हणून एक तसंच ठेवून दुसरं थांबवता येत नाही. मी किती बारीक किंवा जाड झाले ते चिमटीत धरून बघणं, कपड्यावरून हात फिरवून बघणं, काचेत ओझरतं बघून घेणं, हे सगळं तपासणंच आहे, आणि प्रत्येक तपासणीनंतर दोन मिनिटं बरं किंवा वाईट वाटतं आणि मग पुन्हा तपासावंसं वाटतं.

आणि तिथे आरशात जे दिसतं ते खरं आहे, हे जे तू गृहीत धरलंयस ना, त्यावर मला थोडं थांबायचंय. आरसा खोटं दाखवत नाही, पण आपण त्यात जे बघतो ते निवडून बघतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांची नजर फोटोत कुठे कुठे थांबते हे यंत्राने मोजलं. खाण्याच्या तक्रारी असलेल्या बायका स्वतःच्या फोटोत आपल्याला न आवडणाऱ्या जागांवर जास्त रेंगाळत होत्या आणि दुसऱ्याच्या फोटोत मात्र त्या माणसाच्या चांगल्या जागांवर. अशा तक्रारी नसलेल्या बायकांचं बरोबर उलटं होतं. आता विचार कर, रात्री तू वीस मिनिटं फक्त तीन जागा बघतेस, आणि दिवसा मैत्रिणीकडे बघताना तिचे डोळे, केस, ड्रेस बघतेस, मग दोघींची तुलना होते आणि तू हरतेस. तुझ्या कपाळाने, कानांनी, पायाच्या घोट्यांनी यात कधी भागच घेतला नाही.

वेळेचाही परिणाम होतो. लंडनमध्ये २०११ साली एक अभ्यास झाला, आरशात थोडेच सेकंद बघायला सांगितलं तेव्हा ज्यांना स्वतःच्या दिसण्याचा काही त्रास नव्हता त्यांना काही झालं नाही, पण त्याच लोकांना दहा मिनिटांच्या वर बघायला लावलं तर त्यांचाही त्रास वाढला. कुणीही स्वतःचा चेहरा इतका वेळ जवळून बघितला तर त्याला त्यात काहीतरी सापडणारच. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याचंही तेच, हातभर अंतरापेक्षाही जवळून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, ही भूमितीची गोष्ट आहे. हनुवटीखालचा भाग बघायला तू फोन खालून धरून फोटो काढत असशील तर तो आधी बंद कर, त्या कोनातून कुणीच तुला बघत नाही.

तर आता नेमकं काय करायचं. मी जी पद्धत सांगतेय ती मानसोपचारात वापरतात, तिथे तज्ज्ञ बाजूला बसलेला असतो आणि सत्रं जास्त लांब असतात, मी तुला त्यातला सौम्य भाग सांगतेय जो घरी करता येतो.

दिवसाचे साधे आरसे परत चालू कर. लिफ्टमध्ये मान वर ठेव, आरशाकडे टक लावून बघायचं नाही आणि टाळायचंही नाही, इतर माणसं बघतात तसं. घरात आरशापुढे उभं राहायला एक काम असलं पाहिजे, दात घासणं, केस विंचरणं, कपडा नीट बसलाय का बघणं, काम संपलं की तिथून निघायचं. उभं राहायचं अंतर हातभर तरी ठेव, नाक काचेला लागेल असं नाही. आणि रात्रीची वीस मिनिटं एकदम शून्यावर आणायचा प्रयत्न करू नकोस, बाथरूममधला मोठा दिवा बंद करून छोटा लाव किंवा दात घासायचं काम बेसिनऐवजी दुसरीकडे कर, म्हणजे तिथे उभं राहण्याचं कारणच कमी होईल. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटेल, काहीतरी बघायचं राहिलंय असं, ती अस्वस्थता काही न करता आपोआप खाली येते हे एकदा अनुभवलंस की अर्धं काम झालं.

मग आठवड्यातून दोनदा, दिवसाउजेडी, घाई नसताना, पूर्ण उंचीच्या आरशासमोर तीन-चार फुटांवर उभी राहा, अंगावर नेहमीचे घरातले कपडे, आणि पाचेक मिनिटं स्वतःचं वर्णन मोठ्याने कर, डोक्यापासून पायापर्यंत, प्रत्येक भागाला साधारण सारखाच वेळ. असं कर की फोनवर एखाद्या चित्रकाराला तुझं चित्र काढायला सांगतेयस आणि त्याने तुला कधी बघितलेलं नाही. त्याला "घाणेरडं" किंवा "सुंदर" या शब्दांचा काहीच उपयोग नाही, त्याला आकार, रंग, लांबी, कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं ते हवंय.

तुझ्याच जागांवर करून दाखवते. "हनुवटीखाली लोंबतंय" हे चित्रकाराला कळणार नाही. "हनुवटीखाली त्वचेची एक घडी आहे, मान खाली केली की दोन होतात, रंग चेहऱ्यापेक्षा जरा गडद" हे कळेल. "पोट म्हणजे नुसता गोळा झालाय" याच्याऐवजी "पोट नाभीच्या खाली पुढे येतं, बाजूने बघितलं तर छातीच्या रेषेच्या थोडं पुढे, मऊ आहे, डाव्या बाजूला फिकट रेषा आहेत". दंडाचं, "वरच्या भागात घेर जास्त, कोपराकडे निमुळता होत जातो, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा उजळ". आणि मग दंडावर न थांबता पुढे मनगट, बोटं, नखं. पहिल्यांदा करताना तुला वाटेल हे किती कोरडं आहे, तसंच हवंय. मनात शिवी आली तर तिच्याशी भांडू नकोस आणि लगेच एखादं गोड वाक्यही म्हणू नकोस, "हे मत झालं" एवढं म्हण आणि वर्णन जिथे राहिलं तिथून पुढे चालू ठेव.

चुकतंय का हे कसं ओळखायचं तेही सांगते. सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर त्रास शून्य ते दहामध्ये किती आहे तो आकडा वहीत लिही. सुरुवातीला मधे आकडा वर जाईल, ते ठीक आहे. पण तीनेक आठवड्यांनंतरही संपताना आकडा सुरुवातीपेक्षा जास्तच राहत असेल, किंवा पाच मिनिटांची पंचवीस होत असतील, किंवा वर्णन करता करता तू पोट आत ओढून धरतेयस, कोन बदलून बदलून बघतेयस, तर ते वर्णन राहिलं नाही, पुन्हा तपासणी सुरू झाली. तेव्हा ते थांबव आणि एकटीने करू नकोस. आकडा हळूहळू कमी होत असेल तर याचा अर्थ तुला तुझं पोट आवडायला लागलं असा नाही, त्याला बघून होणारा धसका कमी होतोय एवढाच, आणि तुला आत्ता तेच हवंय.

आता दुसरा खड्डा, तुझ्या गुडघ्याचा. न्यूट्रॅलिटीचं जे रूप सगळीकडे फिरतं ते असं की दिसण्यावरून लक्ष काढून शरीर काय करतं याकडे द्या, पाय चालवतात, हात उचलतात, आभार माना. दुखणं असलेल्या माणसाला हे ऐकून राग येणं अगदी बरोबर आहे, कारण मग शरीराची किंमत दिसण्याऐवजी कामावर ठरते, आणि ज्याचं काम नीट चालत नाही तो पुन्हा नापासच. मला स्वतःला हे रूप अर्धवट वाटतं.

तरी त्यामागचा अभ्यास मात्र चांगला आहे, फक्त तो लोकांनी फार आकसून टाकला. जेसिका अलेव्हा नावाच्या संशोधिकेने २०१५ मध्ये स्वतःचं शरीर न आवडणाऱ्या तरुण बायकांना तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, एवढंच लिहायला सांगितलं की माझं शरीर काय काय करतं आणि त्याला माझ्या आयुष्यात काय अर्थ आहे. त्या बायकांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं, अगदी दिसण्याबद्दलचंही, आणि स्वतःला बाहेरून वस्तूसारखं बघणं कमी झालं. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे "करतं" याचा अर्थ पळणं आणि वजन उचलणं एवढाच नव्हता. वास घेणं, ऐकणं, स्पर्श कळणं, झोपणं, जखम भरून येणं, कुणाला मिठी मारणं, हातवारे करून बोलणं, रडणं, गाणं गुणगुणणं, हे सगळं त्यात होतं.

म्हणून तू लिहिशील तेव्हा गुडघा वगळू नकोस, त्यालाही खरं तेच लिही. "उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, सकाळी जास्त, आणि मला त्याचा राग येतो." मग पुढे बाकीचं, "आज पाऊस यायच्या आधीचा वास आला, फोनवर आवाज ऐकून आई थकलीये हे मला लगेच कळलं." आभाराचं एकही वाक्य लिहायची सक्ती नाही. ज्याच्यावर रागावलोय त्याचीही काळजी घेता येते, गुडघ्याला शेक देताना त्याच्यावर प्रेम असावं लागत नाही.

यातच तुझ्या हार मानण्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुला भीती अशी आहे की मी स्वतःला नावं ठेवणं थांबवलं तर मी शरीराकडे लक्ष देणंच सोडून देईन. बऱ्याच जणांना वाटतं की तिरस्कार हेच आपल्याला शिस्तीत ठेवणारं इंजिन आहे. पण तुझंच बघ ना, इतकी वर्षं तिरस्कार आहे, त्याने तू गुडघ्याचे व्यायाम नियमित करतेयस का? माझ्या कामात मी बहुतेक उलटंच बघते, ज्याला आपलं शरीर बघवत नाही तो डॉक्टरकडे जायचं टाळतो कारण तिथे वजन काट्यावर उभं राहावं लागेल, व्यायामाला जायचं टाळतो कारण तिथे भिंतभर आरसे असतात. न्यूट्रल झालेला माणूस गुडघा तपासून घेतो, कारण तो दुखतोय, बास. आणि तुला वजन कमी करायचं असेल तर तेही करायला न्यूट्रॅलिटीची काही हरकत नाही, पण एक प्रश्न आधी स्वतःला विचार, वजन अजिबात हललं नाही तरी मी हा व्यायाम चालू ठेवीन का. उत्तर नाही असेल तर तो व्यायाम शिक्षा म्हणून चाललाय आणि शिक्षा आपण लवकरच सोडून देतो.

कपड्यांचं थोडक्यात, कारण तिथे फार तत्त्वज्ञान लागत नाही. आज जे अंग आहे त्याला बसणारे, बसल्यावर कमरेत न रुतणारे दोन-तीन जोड वेगळे काढून ठेव. घट्ट कपडा दर दहा मिनिटांनी तुला पोटाची आठवण करून देतो, शरीर विसरायचं असेल तर आधी कपड्याने विसरू दिलं पाहिजे. बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवलेले कपडे डोळ्यांसमोरून हलव, टाकून द्यायची गरज नाही. बाहेर जायच्या दिवशी कपडा आदल्या रात्री ठरव, घालायचा, एकदा बघायचं, आणि दुसऱ्यांदा बदलावंसं वाटलं तरी त्याच कपड्यात निघायचं. जाण्याआधी चांगलं वाटायला हवं ही अट काढून टाक. वाईट वाटत असताना गेलीस तरी ते जाणंच आहे, आणि तिथे अर्ध्या तासाने तू कुणाशी तरी बोलत असशील तेव्हा पोटाचा विचार किती वेळ नव्हता तेवढं फक्त घरी येऊन लिहून ठेव.

घरचे किंवा मित्रमंडळी दिसण्यावर बोलतात तेव्हा काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण अशी पत्रं खूप येतात म्हणून लिहिते. "किती सुटलीयेस" म्हणणाऱ्याला जसं थांबवायचं तसंच "बारीक झालीस, मस्त दिसतेयस" म्हणणाऱ्यालाही, दोन्हीने लक्ष तिथेच जातं. "माझ्या अंगाबद्दल नको बोलूया, बाकी सांग" इतकं पुरे, कारणं देत बसू नकोस. इथे मात्र बॉडी पॉझिटिव्हिटीचा जुना, लढाऊ भाग तुझ्या कामाचा आहे. उद्या कुणी डॉक्टर गुडघ्याला हात न लावता नुसतं "वजन कमी करा" म्हणून पाठवत असेल, तर गुडघा तपासून घ्यायचा तुझा हक्क आहे, आणि तो बजावायला तुला स्वतः सुंदर वाटायची गरज नाही. म्हणजे जगाशी बोलताना ती भाषा वापर, आरशाशी बोलताना ही. पुढे कधीतरी, आरशासमोरचा त्रास दोन-तीनवर आला की कदाचित तुला आपणहून एखादी जागा आवडेलही, तेव्हा ते खरं असेल म्हणून मन वाद घालणार नाही. नाही आवडली तरी चालेल.

शेवटी एक गोष्ट गांभीर्याने. दिसण्याचे विचार दिवसातला एक तास किंवा त्याहून जास्त खात असतील, आणि ज्या दोषाने तू हैराण आहेस तो इतरांना दिसतच नाही किंवा अगदी किरकोळ वाटतो असं ते म्हणत असतील, त्यापायी काम किंवा भेटीगाठी सुटत असतील, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार असू शकतो. तो न्यूट्रॅलिटीच्या वहीने बरा होत नाही, पण त्यावर उपचार आहेत, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी, आणि गरज असेल तर डिप्रेशनवर देतात त्यातली काही औषधं. उपाशी राहणं, एकदम खूप खाणं, खाल्लेलं उलटी करून काढणं यातलं काही होत असेल तर आरशासमोरचं वर्णनही आत्ता सुरू करू नकोस, आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेट. जगणंच नको असं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि डॉक्टरकडे जा.

तुझ्या पत्रातली वीस मिनिटं, चार वेळा बदललेले कपडे आणि चुकलेला कार्यक्रम एकत्र बघता मला वाटतं तू एकदा तज्ज्ञाला भेटावंस, आजार आहेच असं नाही पण तपासून घेतलेलं बरं. तिथे गेल्यावर "मला कॉन्फिडन्स नाही" असं म्हणू नकोस, बहुतेकजण तसंच म्हणतात आणि मग मूळ गोष्ट बाजूलाच राहते. आरशासमोर किती वेळ जातो, कुठल्या जागा तपासतेस, काय काय टाळतेस, हे आकड्यांसकट सांग. दोन आठवडे ती वही ठेवलीस तर तीच सोबत घेऊन जा.